भुरळ पडून घेतलेलं आणि आठवून घेतलेलं

बिल करताना गिऱ्हाइकाने यादीबाहेरचं काही उचललं की दुकानदार खूश. चिक्की उचलली काय आणि काडेपेटी उचलली काय, त्याच्या लेखी दोन्ही ‘सहज खरेदी’च. पण चिक्की घेणाऱ्याला ती बघून खावीशी वाटली. काडेपेटी घेणाऱ्याला घरातली संपलीय हे बघून आठवलं. पहिली भुरळ, दुसरी आठवण. हॉकिन्स स्टर्न या अभ्यासकाने 1962 मध्येच हे दोन प्रकार वेगळे मांडले होते, तरी मांडणी बदलताना त्यांची सर्रास गल्लत होते.

सिंहगड रस्त्यावर माझ्या आतेभावाचं छोटं सुपरमार्केट आहे. त्याने काउंटरची तीन फुटांची जागा काडेपेट्या, पेन्सिल सेल, टूथब्रश आणि कापराने भरली होती. पहिल्या आठवड्यात सगळं छान खपलं. तिसऱ्या आठवड्यापासून खप पुन्हा पहिल्यासारखा. “माल तोच, जागा तीच, मग अडलं कुठं?” असं तो मला विचारत होता.

अडलं होतं ते गिऱ्हाइकाच्या घरात. काडेपेटी समोर दिसते म्हणून कोणी गॅस जास्त वेळा पेटवत नाही. आठवणीची वस्तू घरात वापरली जाते तेवढीच लागते, त्यामुळे एकदा घेतली की ते गिऱ्हाईक महिनाभर तिच्याकडे बघतही नाही. चिक्की मात्र घरी पोचेपर्यंत संपते आणि परवा पुन्हा घेतली जाते. शिवाय 2 रुपयांच्या काडेपेटीत सुटतात किती? म्हणजे आठवणीची वस्तू निरुपयोगी असं नाही. ती इथे आठवली नसती तर रात्री कोपऱ्यावरच्या दुकानातून आली असती, तेवढी विक्री आपली झाली. फक्त तिला काउंटरची महागडी जागा द्यायची गरज नाही.

तिची खरी जागा तिच्या जोडीदाराशेजारी. उदबत्तीजवळ कापूर, वाती आणि काडेपेटी. चहाच्या पुड्याजवळ गाळणी. आठवण वस्तूच्या जोडीने होते. भुरळ पडायला मात्र हात रिकामा आणि थोडा वेळ थांबणं लागतं, आणि छोट्या दुकानात माणूस थांबतो तो बिलाच्या रांगेतच.

संकष्टीच्या आदल्या संध्याकाळी हे दोन्ही प्रकार एकाच रॅकवर दिसतात. साबुदाणा घ्यायला आलेल्या काकूंना शेजारी शेंगदाणे दिसले की “अगंबाई, कूट संपलंय!” ही आठवण. त्याच रॅकवरचा उपवासाचा बटाटा चिवडा त्या उलटून किंमत बघतात, खाली ठेवतात, पुन्हा उचलतात. ही भुरळ. शेंगदाण्याला हात चटकन जातो, चिवड्याशी घुटमळतो. पंधरा मिनिटं कोपऱ्यात उभं राहून हे हात बघितले तरी बरंच कळतं.

वस्तू कुठल्या प्रकारची हे कळत नसेल तर ती आठवडाभर काउंटरवरून हलवून आत ठेवायची. लोक “सेल कुठे गेले हो?” असं विचारू लागले तर ती आठवणीची. कोणी विचारलंच नाही आणि खप पडला तर ती भुरळीची. मोजताना नगांपेक्षा किती बिलांत ती वस्तू आली ते बघावं, कारण कोणी एकाने बारा चिक्क्या नेल्या तर आकडा उगाच फुगतो. काउंटरवरची आणि आतल्या रॅकवरची विक्री एकत्र धरावी, नाहीतर नुसती जागा बदललेली विक्री वाढीसारखी दिसते. आणि पगाराच्या आठवड्याची तुलना महिनाअखेरीशी करू नये.

आतेभावाने मग काउंटरवर शेंगदाणा चिक्की, राजगिऱ्याचे लाडू आणि छोटी चॉकलेटं ठेवली. चॉकलेटं मुलांच्या नजरेच्या उंचीवर. कापूर-काडेपेटी उदबत्तीकडे गेली. तरी चिक्की हलेना. बारकाईने पाहिलं तर पैसे भरायचा क्यूआर स्टँड नेमका चिक्कीच्या बरणीपुढे उभा होता. पूर्वी सुट्टे शोधताना गिऱ्हाईक इकडेतिकडे बघायचं, दोन रुपयांऐवजी गोळीही चालायची. आता नजर मोबाइलवर. स्कॅन करून ‘पेमेंट झालं’ असा आवाज आला की माणूस दाराकडे वळतो. म्हणून चिक्की स्टँडपाशी नाही, तर रांगेत दुसऱ्या नंबरवर उभ्या माणसाच्या हाताशी हवी, कारण थांबलेला तो असतो.

साखर-डाळ मुद्दाम पार आत ठेवून गिऱ्हाइकाला सगळं दुकान फिरवायचा मोठ्या मॉलचा डावही त्याने केला होता. सहाशे चौरस फुटांत तो फसला. नेहमीच्या आजोबांनी दारातूनच पोऱ्याला हाक मारली, “दोन किलो साखर आण रे,” आणि ते स्टुलावर बसले. फोनवर यादी पाठवून घरपोच मागवणाऱ्यांवर तर यातलं काहीच चालत नाही.

बरणी दोन फूट मागे सरकवल्यावर पहिली चिक्की त्या आजोबांनीच उचलली. साखर येईपर्यंत स्टुलावर बसूनच खाल्ली.