दोन मात्रांमधले तास : नवजात बाळाच्या औषधमात्रेची पार्श्वभूमी

नवजात अतिदक्षता विभागात २९ आठवड्यांत जन्मलेल्या बाळाच्या कागदावर जेंटामायसिन या प्रतिजैविकाची पहिली मात्रा दिल्यानंतर पुढची मात्रा ४८ तासांनी लिहिलेली दिसते, तर मूत्रपिंड निरोगी असलेल्या मोठ्या माणसाला तेच औषध साधारणपणे रोज दिले जाते. वजनाच्या प्रत्येक किलोमागची मात्रा मात्र दोघांची जवळपास सारखीच असते. बाळ लहान आहे म्हणून औषधही सगळ्या बाजूंनी कमी, ही सहज सुचणारी कल्पना इथे लागू पडत नाही, आणि ती का लागू पडत नाही हे वैद्यकाला १९५९ साली फार मोठी किंमत मोजून कळले.

त्याआधी मुलांची मात्रा काढण्यासाठी डॉक्टर त्रैराशिकावर भागवत असत. यंग यांच्या जुन्या सूत्रात मुलाच्या वयाला वय अधिक १२ या संख्येने भागून मोठ्यांच्या मात्रेने गुणायचे असे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे वय त्यात घातले तर उत्तर शून्य येते, एवढ्यावरूनच ते सूत्र कोणासाठी नव्हते हे ध्यानात यावे. क्लार्क यांचे सूत्र वजनावर चाले. मोठ्या माणसाच्या शरीराचे प्रमाणबद्ध लहान रूप म्हणजे मूल, हे दोन्ही सूत्रांत गृहीत होते.

क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध १९४० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आले. आपल्याकडच्या मागच्या पिढीला ते विषमज्वरावरचे ‘क्लोरोमायसेटिन’ म्हणून परिचित आहे. बाळंतपणाआधी पाणमोट फुटून २४ तासांहून अधिक काळ लोटला असेल, तर बाळाला जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून लॉस एंजेलिसच्या काउंटी रुग्णालयात अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर प्रतिबंधक प्रतिजैविकांचा तुलनात्मक अभ्यास करण्यात आला. बाळांचे चार गट होते : औषध न दिलेला, केवळ क्लोरॅम्फेनिकॉल दिलेला, पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन दिलेला, आणि तिन्ही औषधे दिलेला. बर्न्स, हॉजमन आणि कॅस यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार क्लोरॅम्फेनिकॉल न मिळालेल्या दोन्ही गटांत पाचातील साधारण एक बाळ दगावले, तर ते मिळालेल्या दोन्ही गटांत निम्म्याहून अधिक बाळे दगावली. माझ्या मते या अभ्यासातील सर्वांत मोलाची बाब म्हणजे औषध न दिलेला गट. तो नसता तर हे मृत्यू अपुऱ्या दिवसांच्या किंवा जंतुसंसर्गाच्या खात्यावर सहज जमा झाले असते.

आजाराचा क्रमही ठरावीक होता. पहिले दोन दिवस बाळ बरे दिसे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते दूध घेईनासे होई, पोट फुगे, श्वास जलद व अनियमित होई, अंग थंड आणि ढिले पडे, त्वचेवर राखाडी छटा येई, आणि त्यानंतर काही तासांतच रक्ताभिसरण कोलमडे. या राखाडी छटेवरूनच विकाराला ‘ग्रे बेबी सिंड्रोम’ हे नाव मिळाले.

तिसराच दिवस का, याचे उत्तर पुढच्याच वर्षी वाइस, ग्लाझ्को आणि वेस्टन यांनी रक्तातील पातळ्या मोजून दिले. मोठ्या माणसाचे यकृत या औषधाला ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देते आणि मग मूत्रपिंड ते जोडलेले रूप बाहेर टाकते. नवजाताच्या यकृतात ही जोडणी करणारे विकर फारच थोडे असते, आणि न जोडलेले औषध गाळून टाकण्याची मूत्रपिंडाची क्षमताही अपुरी असते. त्यामुळे रक्तातील औषध निम्मे होण्यास मोठ्यांत लागणारे सुमारे ४ तास पहिल्या एक-दोन दिवसांच्या बाळात सुमारे २६ तासांवर जातात. याचा हिशेब असा : मोठ्या माणसात सकाळच्या मात्रेचा दुसऱ्या दिवशी सकाळी चौसष्टावा भाग उरतो, बाळात जवळपास अर्धा उरतो, त्यात दुसऱ्या दिवसाच्या मात्रा मिळतात, मग तिसऱ्या दिवसाच्या. त्यातच त्या काळी दिवसाला किलोमागे १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक औषध दिले जात असे. पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ही मर्यादा किलोमागे २५ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणण्यात आली.

यकृताने शिकवलेला हा धडा मूत्रपिंडापुरता उमगायला अधिक काळ लागला. जेंटामायसिनवर यकृताची प्रक्रिया होत नाही. ते जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडातूनच गाळले जाते. मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या तयार होण्याचे काम गर्भावस्थेच्या ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत चालते, त्यामुळे २९ आठवड्यांच्या बाळाकडे त्या पूर्ण संख्येने नसतातच. तरीही अनेक वर्षे किलोमागे २.५ मिलिग्रॅम दर १२ तासांनी, ही पद्धत रूढ होती. ती सावध वाटते, कारण प्रत्येक मात्रा लहान आहे.

१.२ किलो वजनाचे, २९ आठवड्यांचे, दोन दिवसांचे बाळ घेऊ. अशा बाळाच्या शरीरात पाण्याचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास असतो आणि जेंटामायसिन पाण्यातच पसरते; समजण्यासाठी किलोमागे अर्धा लिटर, म्हणजे एकूण ०.६ लिटर जागा धरू, आणि औषध निम्मे होण्यास १२ तास धरू. जुन्या पद्धतीने ३ मिलिग्रॅम दिल्यावर पातळी लिटरला ५ मिलिग्रॅम होते आणि १२ तासांनी २.५ वर येते. त्यावर दुसरी मात्रा पडली की ७.५, मग ३.७५, आणि असे करत दोन-तीन दिवसांत पातळी वर १० आणि खाली ५ अशी स्थिरावते. पुढच्या मात्रेपूर्वीची पातळी साधारण १ च्या खाली असावी, असा संकेत आहे. इथे ती पाचपट आहे, आणि कान व मूत्रपिंड यांना इजा होण्याचा धोका या न उतरणाऱ्या पातळीशी जोडलेला आहे. उलट, पहिल्या मात्रेची सर्वोच्च पातळी ५ म्हणजे जंतू मारण्यासाठी जेमतेम, कारण हे औषध जितके उंच जाते तितके प्रभावी ठरते.

आता त्याच बाळाला किलोमागे ५, म्हणजे ६ मिलिग्रॅम एकदम देऊ. पातळी पहिल्याच मात्रेला १० होते. २४ तासांनी २.५, ३६ तासांनी १.२५ आणि ४८ तासांनी सुमारे ०.६ उरते. पाण्याचा मोठा वाटा मात्रा मोठी ठेवायला लावतो आणि मंद मूत्रपिंड अंतर वाढवायला लावते. १९९० च्या दशकापासून हीच पद्धत क्रमाक्रमाने रुळली.

प्रत्यक्षात चूक होते ती बहुधा दोन ठिकाणी. ८० मिलिग्रॅम २ मिलिलिटरमध्ये असलेल्या कुपीतून ६ मिलिग्रॅम घ्यायचे तर ते अवघे ०.१५ मिलिलिटर होते. दशांशचिन्ह सरकले की दहापट मात्रा, म्हणून आधी विरल करून मोजणे बरे. दुसरी चूक क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजल्या जाणाऱ्या टाकाऊ द्रव्यावर, विसंबण्याची, कारण पहिल्या काही दिवसांत बाळाच्या रक्तातील क्रिएटिनिन बरेचसे आईचेच असते. जन्मताना गुदमरलेल्या किंवा हृदयाजवळची डक्टस ही गर्भावस्थेतील रक्तवाहिनी बंद करण्यासाठी इंडोमेथासिन हे औषध मिळालेल्या बाळात गाळण आणखी मंदावते. अशा वेळी लघवी किलोमागे तासाला १ मिलिलिटरहून कमी होऊ लागली, तर पुढची मात्रा थांबवून रक्तातील पातळी आधी पाहतात, आणि ती उतरेपर्यंत ४८ तासांचे अंतरही पुरत नाही.

बाळ पुढे सरकते तसे हे गणितही सरकते. जन्मानंतर मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो, त्यामुळे आठवड्याभराने त्याच बाळासाठी प्रचलित तक्त्यात ४८ ऐवजी ३६ तास दिसतात, आणि महिन्याभराने २४. पहिल्या दिवशी लिहिलेले ४८ तास तसेच पुढे चालू राहिले, तर औषध साचत नाही, उलट बाळ दिवसच्या दिवस औषधाविना राहते.