एम ७० कॉलमचं मिक्स डिझाइन सबमिशन (नागपूर)

उंच बिल्डिंगच्या खालच्या मजल्यांच्या कॉलमसाठी जास्त ताकदीचं काँक्रीट वापरायचं असेल तर ठेकेदार किंवा रेडीमिक्सचा म्हणजे आरएमसी प्लांट ते ओतायच्या आधी कन्सल्टंटकडे एक फाइल मंजुरीला देतो, तिलाच मिक्स डिझाइन सबमिशन म्हणतात. त्यात मालाचे टेस्ट रिपोर्ट, एका घनमीटरचं प्रमाण, ट्रायल मिक्सचे रिझल्ट आणि साइटवरचं काँक्रीट कशावर पास-नापास ठरवायचं ते निकष असतात. आयएस १०२६२:२०१९ मध्ये एम ६५ आणि त्यावरच्या ग्रेडसाठी वेगळा भाग आहे, इथे एम ७०, म्हणजे २८ दिवसांनी ७० न्यूटन प्रति चौ. मिमी ताकदीचं काँक्रीट, धरून बघू.

पहिला आकडा टार्गेटचा, म्हणजे मिक्सने गाठायच्या सरासरी ताकदीचा. एम ७० ला स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे रिझल्ट किती विखुरतात त्याचं माप, सुरुवातीला ६ धरतात, म्हणून ७० अधिक १.६५ गुणिले ६, म्हणजे साधारण ८० न्यूटन प्रति चौ. मिमी. दुसरा नियम ७० अधिक ८ म्हणजे ७८ देतो, दोघांत जो मोठा तो घ्यायचा. २० मिमी गिट्टीला या टार्गेटसाठी पाणी आणि सिमेंटिशियस माल, म्हणजे सिमेंट, फ्लाय ॲश आणि सिलिका फ्यूम मिळून, यांचा रेशो ०.२९ च्या आसपास बसतो. उदाहरणाचं प्रमाण असं: ओपीसी ५३ ग्रेड ४२० किलो, फ्लाय अ‍ॅश ७५, सिलिका फ्यूम ३५, पाणी १५४ लिटर, गिट्टी ११५३, रेती ६५७ आणि पीसीई सुपरप्लास्टिसायझर ५.३ किलो, म्हणजे ५३० किलो सिमेंटिशियसच्या एक टक्का.

इतक्या कमी पाण्यात काँक्रीट वाहतं ते पीसीईमुळे, आणि नागपुरात खरा प्रश्न इथेच येतो. लॅबमध्ये २७ डिग्रीला ट्रायल घेतली की दोन तासांनीही स्लम्प, म्हणजे काँक्रीटचा सैलपणा, छान दिसतो, पण नवतप्यात ४५ डिग्रीच्या उन्हात प्लांटवरून साइटवर यायला तास-दीड तास लागला तर तोच माल घट्ट होऊन येतो. म्हणून ट्रायल त्याच सीझनमध्ये, दुपारी, प्लांटवरच्याच मालाने घ्यावी आणि स्लम्प ०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना नोंदवावा. घसरण जास्त असेल तर घट्ट होणं लांबवणारा रिटार्डर असलेलं अ‍ॅडमिक्स्चर घ्यायचं, पाण्यात बर्फ टाकायचा, गिट्टी सावलीत ठेवून शिंपडायची (शिंपडलेल्या पाण्याचा हिशोब बॅचमध्ये धरून). रेतीत माती जास्त असेल तर ती पीसीई शोषून घेते आणि डोस वाढवूनही काम होत नाही, तेव्हा रेतीचा लॉट बदलला की ट्रायल परत.

ट्रायल एकाच रेशोवर घेऊन भागत नाही, रेशो दहा टक्के वर आणि दहा टक्के खाली करूनही घ्यायची असते. समजा २८ दिवसांचे रिझल्ट ०.२६ ला ८९, ०.२९ ला ८३ आणि ०.३२ ला ७५ आले. या तीन आकड्यांवरून पुढचं सगळं कळतं. साइटवर घट्ट माल आला म्हणून कोणी घनमीटरला २० लिटर पाणी मारलं तर रेशो ०.३३ च्या जवळ जातो आणि ताकद ७३ च्या आसपास उतरते. फाइलमध्ये हा ग्राफ लावला की साइटवर पाणी का घालू द्यायचं नाही हे वेगळं समजवावं लागत नाही, साइटवर फक्त ठरलेला जादा अ‍ॅडमिक्स्चर डोस, तोही प्लांटच्या क्वालिटी कंट्रोलच्या माणसाच्या हातून.

ताकद मोजायला काँक्रीटचे क्यूब फोडणाऱ्या मशीनची क्षमता पण बघावी, हे बरेचदा राहून जातं. १५० मिमी क्यूबला ८० ची ताकद म्हणजे १८०० किलोन्यूटन आणि ८९ वाला क्यूब फोडायला २००० च्या वर लागतात, म्हणजे २००० किलोन्यूटनच्या मशीनवर वरचे रिझल्ट येणारच नाहीत. ३००० ची मशीन असलेली लॅब आधीच ठरवून तिचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट फाइलला जोडावं.

आता निकष. आयएस ४५६ प्रमाणे तीन क्यूबची सरासरी म्हणजे एक रिझल्ट, आणि कोणताही क्यूब त्या सरासरीपासून १५ टक्क्यांपेक्षा जास्त लांब नको. लागोपाठच्या चार रिझल्टची सरासरी ७० अधिक ०.८२५ गुणिले स्टँडर्ड डेव्हिएशन, जवळच्या ०.५ ला राउंड करून, किंवा ७० अधिक ३, यातला मोठा आकडा गाठायला हवी, आणि कोणताही एक रिझल्ट ६७ च्या खाली नको. डेव्हिएशन ६ असेल तर सरासरी ७५ लागते. म्हणजे ७४, ७६, ७३, ७५ असे रिझल्ट आले तर सगळे ७० च्या वर असूनही सरासरी ७४.५ येते आणि ग्रुप नापास होतो. साइटवर लोक इथे भांडतात, कारण त्यांनी फक्त ७० पाहिलेलं असतं. याच प्लांटचं डेव्हिएशन किमान ३० सॅम्पलवरून ४ सिद्ध झालं असेल तर मर्यादा ७३.५ वर येते आणि हाच ग्रुप पास होतो. म्हणून कोणतं डेव्हिएशन धरणार, ते कधी बदलणार आणि ग्रुप नापास झाला तर कोणत्या कॉलममधून कोअर, म्हणजे तपासणीसाठी कापलेले नमुने, काढणार, हे काँक्रीट ओतायच्या आधीच दोन्ही बाजूंच्या सहीने लिहून ठेवलेलं बरं.