यील्ड कर्व्ह उलटा झालाय, पैसे काढून घेऊ का? (आमच्या ग्राहकांसाठी)

हे माहितीपत्रक काढायचं कारण सरळ आहे. व्हॉट्सॲपवर "अमेरिकेत यील्ड कर्व्ह उलटला, मंदी येणार" असा मेसेज फिरला की त्या दिवशी आमच्या विश्रामबागच्या ऑफिसात फोन ठेवायला फुरसत मिळत नाही. मार्केट यार्डातले आमचे एक हळदीचे व्यापारी आहेत, त्यांचा असाच दुपारी पावणेतीनला फोन आला, म्युच्युअल फंडातलं सगळं रिडीम करा म्हणाले, कारण तीनच्या आत टाकलं तर आजचा भाव मिळतो हे त्यांना पाठ आहे. टाकलं. साडेचारला परत फोन, मुलगा नको म्हणतोय, कॅन्सल करा. आता तीननंतर ते कॅन्सल होत नाही हो. वर्ष भरायचं होतं त्या युनिट्सवर एक टक्का एक्झिट लोड गेला, नफ्यावर टॅक्स लागला तो वेगळाच.

तर आधी हे उलटं म्हणजे काय ते बघू. सरकार तीन महिन्यांसाठी कर्ज घेतं, दोन वर्षांसाठी घेतं, दहा वर्षांसाठीही घेतं. प्रत्येक मुदतीला बाजारात जो दर चालू आहे ते ठिपके जोडले की झाला यील्ड कर्व्ह. नेहमी तो चढता असतो, जास्त दिवस पैसे अडकवायचे तर जास्त व्याज. कधी सपाट होतो, कधी मधेच फुगतो, ते सोडून देऊ. दोन वर्षांचा दर दहा वर्षांच्या वर गेला की त्याला उलटा म्हणतात.

पण शहाणी माणसं दहा वर्षं कमी व्याजावर पैसे का अडकवतील? कारण पुढं दर उतरणार असं त्यांनी धरलेलं असतं. आकड्यात बघा. एक लाख आज एका वर्षासाठी ७ टक्क्यांनी ठेवले आणि पुढच्या वर्षी दर ५ टक्के झाला, तर दोन वर्षांनी १,१२,३५० होतात. तेच लाख सरळ दोन वर्षांसाठी ६ टक्क्यांनी ठेवले तर १,१२,३६०. म्हणजे पुढच्या वर्षी ५ टक्केच मिळणार असं बाजाराला वाटत असेल तर दोन वर्षांचा दर आपोआप सहाच्या आसपास येऊन बसतो, सातच्या खाली. यार्डात डिसेंबरच्या सौद्यात हळद चढी असते पण मार्चच्या मालाचं बोलणं कमी भावानं होतं, कारण तोवर नवा माल येणार हे सगळ्यांनी धरलेलं असतं, तसंच हे.

आणि दर उतरतात कधी? बहुतेक वेळा धंदा थंडावला, की मध्यवर्ती बँक दर कापते तेव्हा. म्हणून उलटा कर्व्ह आणि मंदी यांची सांगड घातली जाते. अजून एक गोष्ट म्हणजे बँका थोड्या मुदतीचे पैसे घेऊन लांब मुदतीचं कर्ज देतात, कर्व्ह उलटला की त्यांचा मधला फायदा आटतो आणि त्या कर्ज देताना हात आखडतात, म्हणजे हा कर्व्ह मंदीला थोडा हातभारही लावतो. कॅम्पबेल हार्वे यांनी १९८६ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या प्रबंधात कर्व्ह आणि पुढची वाढ यांचं नातं दाखवलं, तेव्हापासून लोक याच्याकडं जास्त लक्ष देऊन बघायला लागले. रेकॉर्डही चांगलं आहे. अमेरिकेत १९५५ नंतरच्या जवळपास प्रत्येक मंदीआधी कर्व्ह उलटलेला होता, जुना ठळक अपवाद १९६६ चा, तेव्हा उलटला पण मंदी आली नाही.

मग आम्ही थांबा का म्हणतो? कारण त्यात तारीख नसते. डिसेंबर २००५ च्या शेवटी अमेरिकेचा दहा आणि दोन वर्षांचा कर्व्ह उलटला. मंदी सुरू झाली डिसेंबर २००७ ला, म्हणजे दोन वर्षांनी, आणि ती सुरू झाली हे तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चनं जाहीर केलं डिसेंबर २००८ ला! आपला सेन्सेक्स २००५ संपताना ९,४०० च्या आसपास होता, जानेवारी २००८ ला २१,००० झाला. मेसेज वाचून ज्यानं विकलं त्यानं दोन वर्षं शेजाऱ्याचे पैसे दुप्पट होताना बघितले. खरं बोलायचं तर ऑक्टोबर २००८ ला सेन्सेक्स ८,००० च्या खालीही आला, म्हणजे तो माणूस शेवटी बरोबर ठरला, पण तेवढे दिवस गप्प बसून राहिलेला आमच्या तरी बघण्यात नाही, बहुतेक लोक १८-१९ हजारांना परत शिरतात.

आणि २०२२? जुलैत कर्व्ह उलटला, २०२३ ला फरक एक टक्क्याच्या वर गेला, दोन वर्षांहून जास्त उलटाच राहिला, आणि त्या काळात मंदी आलीच नाही. सेन्सेक्स ५३,००० च्या आसपास होता तो सप्टेंबर २०२४ ला ८५,००० च्या वर गेला.

एक गोष्ट मेसेजवाले कधीच सांगत नाहीत. कर्व्ह सरळ झाला की लोक म्हणतात संपलं, सुटलो. उलट तेव्हाच जास्त सावध राहायचं. २००७ च्या मध्यावर तो सरळ झाला आणि मंदी त्यानंतर सुरू झाली. म्हणून तो का सरळ झाला ते बघायचं. छोट्या मुदतीचे दर भराभर खाली आले म्हणून झाला असेल, तर मध्यवर्ती बँक घाबरून दर कापतेय किंवा कापणार असं बाजाराला वाटतंय.

हे सगळं अमेरिकेचं. आपल्याकडं सरकारी रोख्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे बँका, विमा कंपन्या, पीएफ, ज्यांना नियमानंच ते घ्यावे लागतात, त्यामुळं आपला कर्व्ह तितका मोकळा बोलत नाही. जुलै २०१३ ला आपलाही उलटला होता, पण तो रुपया घसरत होता म्हणून रिझर्व्ह बँकेनं छोट्या मुदतीचा पैसा महाग केल्यामुळं, मंदीच्या अंदाजानं नाही.

आपल्या ग्राहकांना खरा उपयोग एफडीच्या बोर्डावर आहे. ४४४ दिवसांना जास्त आणि पाच वर्षांना कमी असं दिसलं की सगळे ४४४ ला धावतात. पण बँक येडी नाही, दर उतरणार असं तिलाही वाटतंय. रिझर्व्ह बँकेचा रेपो फेब्रुवारी २०२५ ला ६.५ होता तो जूनपर्यंत ५.५ झाला, त्या सुमाराला ज्यांच्या एफडी संपल्या त्यांना नूतनीकरणात फटका बसला. रिटायर माणसाचे दहा लाख असतील तर आम्ही तीन-चार मुदतींत वाटतो, थोडं एक वर्षाचं, थोडं तीनचं, थोडं पाचचं. आज बोर्डावर पाव टक्का कमी दिसतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण सगळ्याचं व्याज एकदम घसरत नाही.

कमिशनसाठी धरून ठेवता असं काहीजण तोंडावर म्हणतात. हो, पैसे फंडात राहिले तर आम्हाला ट्रेल कमिशन मिळतं, लपवत नाही. पैसे तुमचे आहेत, काढा म्हटलं तर त्याच दिवशी काढून देतो. फक्त आधी तीन गोष्टी विचारतो, हे पैसे कधी लागणार, युनिट्सना वर्ष झालं का, आणि परत कधी भरणार. येत्या तीन वर्षांत मुलीचं लग्न किंवा घराचा हप्ता असेल तर ते पैसे इक्विटीत नकोतच, मग कर्व्ह सुलटा असो नाहीतर उलटा.

असा मेसेज आला तर फोन करण्याऐवजी स्टेटमेंट आणि एफडीच्या पावत्या घेऊन या, दुसऱ्या बँकेच्या असल्या तरी चालतील, मुदती मांडून द्यायचे पैसे घेत नाही. दुपारी अडीच ते तीन सोडून कधीही या, तेव्हा आम्ही दिवसाच्या ऑर्डरीत असतो.