तीन वह्या, तीन नफे

गिरगावात माझ्याकडे बारावी कॉमर्सची काही मुलं गणिताला येतात. दिवाळीच्या आधी त्यांना लिनिअर प्रोग्रॅमिंगचं एक गणित घरी करायला दिलं होतं, फराळ विकणाऱ्या एका बाईंचं. लाडवांचा एक डबा करायला एक तास लागतो, चकलीच्या डब्याला दोन. हाताशी ४० तास आहेत. लाडवांच्या डब्याला ३०० रुपयांचा माल लागतो, चकलीच्या डब्याला २०० रुपयांचा. भांडवल ६,००० रुपये. चकलीचे डबे लाडवांपेक्षा कमी नकोत, ही गिऱ्हाइकाची अट. लाडवांच्या डब्यामागे ६० रुपये सुटतात, चकलीच्या डब्यामागे ५०. जास्तीत जास्त नफा किती?

लाडवांचे डबे x आणि चकलीचे y धरले, की अटी अशा होतात:

x + २y ≤ ४०
३x + २y ≤ ६०
y ≥ x
x ≥ ०, y ≥ ०

तीन वह्यांत तीन उत्तरं आली: १५००, १३२० आणि १३५०.

१५०० वाला लगेच सापडला. रेषा जिथे जिथे y-अक्षाला किंवा एकमेकींना छेदतात ते सगळे बिंदू त्याने कोपरे म्हणून लिहून काढले होते आणि त्यातला (०, ३०) त्याला आवडला. पैशांची रेषा y-अक्षाला तिथे छेदते हे खरं, पण ३० डबे चकलीला ६० तास लागतील. बिंदू प्रत्येक अटीत घालून बघितला असता तर तिथेच कळलं असतं.

१३२० ची वही मात्र फार सुबक होती. पेन्सिलीने रेघोट्या मारलेला छान त्रिकोण: (०, ०), (२०, ०), (१२, १२). तिन्ही कोपऱ्यांवर नफा काढलेला, सर्वात मोठा (१२, १२) वर, आकडेमोडीत कुठेही चूक नाही. आणि गंमत म्हणजे (१२, १२) मूळ अटींत घातला तर तो सगळ्या पाळतो. तास ३६, पैसे सगळे संपलेले, दोन्ही डबे सारखे. म्हणजे अटीत घालून बघायची युक्ती इथे काहीच पकडत नाही.

चूक रेघोट्यांत होती. त्याने y ≥ x ही अट x − y ≤ ० अशी फिरवून लिहिली, जी बरोबरच आहे. मग ‘≤ आलं की मूळबिंदूकडची बाजू’ हा क्लासमधला पाठ केलेला नियम लावला. पण ही रेषा मूळबिंदूतूनच जाते! (०, ०) घातला तर ० ≤ ० मिळतं, आणि कुठली बाजू ते काहीच कळत नाही. मग त्याने सवयीने खालची बाजू भरली. अशा वेळी रेषेवर नसलेला कुठलाही बिंदू घ्यावा, समजा (०, १०). शून्य डबे लाडू, दहा डबे चकली: अट पाळली जाते, म्हणजे वरची बाजू. खरा प्रदेश (०, ०), (०, २०), (१०, १५), (१२, १२) असा चौकोन आहे. एक खूण आकृतीतच दिसत होती: त्याच्या त्रिकोणाला तासांची रेषा कुठे शिवतच नव्हती. एखादी अट अशी रिकामी राहू शकते, पण तसं दिसलं की मी आधी रेघोट्या तपासतो.

मग १३५० बरोबर कशावरून? इथे मी आकृती बाजूला ठेवतो. (१०, १५) या कोपऱ्यावर तासांची आणि पैशांची रेषा मिळतात. पहिल्या अटीला ७.५ ने गुणा, दुसरीला १७.५ ने, आणि बेरीज करा:

६०x + ५०y ≤ ३०० + १०५० = १३५०

डावीकडे नेमका नफाच आला. म्हणजे या दोन अटी पाळणाऱ्या कुठल्याही बेतात १३५० च्या वर जाता येत नाही, आणि (१०, १५) वर तेवढे मिळतात. तपासणी संपली. गुणक शोधायला a + ३b = ६० आणि २a + २b = ५० सोडवायचं, बस. दोन्ही धन यायला हवेत, कारण ऋण संख्येने गुणलं की ≤ चं ≥ होतं. ही कल्पना ड्युॲलिटीची, १९४७ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी जॉर्ज डँट्झिग यांना सांगितलेली. त्या ७.५ लाही अर्थ आहे: बाईंना एक तास जास्त मिळाला तर नफा साडेसात रुपयांनी वाढेल, अर्थात डबे अपूर्णांकात चालत असतील तर. (इथे १० आणि १५ पूर्ण आले, कारण आकडे मीच तसे निवडले होते.)

हेच (१२, १२) वर करून बघितलं. तिथे पैशांची अट आणि x − y ≤ ० मिळतात. गुणक २२ आणि −६. तो ऋण गुणक सांगतो की या रेषेपासून सरकलं तर नफा वाढतो. पण त्याने मनात उलटी धरलेली अट, −x + y ≤ ०, घेतली तर गुणक २२ आणि ६ येतात, दोन्ही धन, आणि २२ × ६० = १३२०. त्याच्या चुकलेल्या त्रिकोणात त्याने निवडलेला कोपरा अगदी अचूक होता.

म्हणून त्याचे गुण मी एकदाच कापले, रेघोट्यांचे. कोपऱ्याचे पूर्ण दिले.