बझर वाजला नाही म्हणून कॉइल गेली?

शेजारच्या काकूंचा राईस कुकर गेल्या महिन्यात गार पडला. बटण खट्कन खाली बसायचं, पण दिवा लागत नव्हता आणि प्लेटला ऊबही येत नव्हती. त्यांच्या भाच्याने खालचं झाकण उघडून, मल्टिमीटर बझरवर ठेवून कॉइलच्या दोन टोकांना पिना लावल्या. आवाज आला नाही. "कॉइल गेली, आता नवाच घ्या," असं सांगून तो मोकळा झाला.

कॉइल ठणठणीत होती. बझर असतो वायर अखंड आहे का ते बघायला. बहुतेक मीटरमध्ये तो तीस-पन्नास ओहमांच्या आतच वाजतो. या कुकरच्या बुडावर लिहिलं होतं ७०० वॅट, २३० व्होल्ट. २३० चा वर्ग ५२,९००, त्याला ७०० ने भागलं की साधारण ७६ ओहम येतात. म्हणजे चांगल्या कॉइललाही बझर गप्पच राहणार. हा हिशेब गार कॉइललाही लागू पडतो, कारण आतली निक्रोमची तार तापल्यावर तिचा रोध थोडासाच वाढतो. जुन्या पिवळ्या बल्बचं तसं नाही. त्याच्या तारेचा रोध पेटल्यावर दहापटीहून जास्त होतो, त्यामुळे गार बल्ब मोजून त्याचे वॅट काढता येत नाहीत.

मी प्लग काढून ठेवला, कुकर उलटा केला आणि कॉइलच्या एका टोकाची वायर सोडवली. हे सोडवणं महत्त्वाचं, कारण भात गरम ठेवणारा छोटा हीटरही त्याच जाळ्यात असतो आणि त्याच्यातून फिरून येणारा आकडा फसवतो. मीटर २०० ओहमवर ठेवला, आकडा आला ७५.२. तार तुटलेली असती, तर मीटरवर OL किंवा नुसता 1 दिसला असता. मग मीटर मेगओहमच्या रेंजवर नेऊन एक पिन कॉइलच्या टोकाला आणि दुसरी प्लेटच्या धातूला लावली. इथे मात्र OL यायलाच हवा, आणि तो आला. आकडा दिसला असता, तर वीज बॉडीत उतरत असल्याची ती खूण होती. अर्थात मीटरच्या छोट्या बॅटरीला प्रत्येक गळती सापडत नाही; कॉइल तापल्यावरच सुरू होणारी गळती तर तिला कळतच नाही.

उरला थर्मल फ्यूज. प्लेटच्या खाली, पांढऱ्या काचतंतूंच्या नळीत, पेन्सिलीच्या शिशाहून जाड असा हा तुकडा असतो. या फ्यूजच्या आत एका रसायनाची गोळी असते. ठरलेल्या तापमानाला ती वितळते, तिच्यावर दाबून बसलेली स्प्रिंग सुटते आणि संपर्क तुटतो, तो कायमचाच. बाहेरून काही जळलेलं दिसत नाही, म्हणून मोजल्याशिवाय सांगता येत नाही. चांगला फ्यूज जवळजवळ शून्य ओहम दाखवतो आणि इथे बझर खुशाल वापरा. काकूंच्या फ्यूजने OL दाखवला.

अशा वेळी कोपऱ्यावरचा मेकॅनिक दोन टोकं पिळून फ्यूज 'डायरेक्ट' करून देतो. कुकर लगेच तापतो, गिऱ्हाईकही खूश. पण फ्यूज उगाच उडत नाही.

कारण प्लेटवरच सापडलं: काळा पडलेला, घट्ट चिकटलेला भाताचा एक दाणा. भांड्यात पाणी असेपर्यंत बुडाचं तापमान १०० अंशांच्या आसपास राहतं. पाणी आटलं की ते चढू लागतं आणि साधारण १०३ अंशांना प्लेटच्या मधल्या बटणाखालच्या चुंबकाची पकड सुटून कुकर 'वॉर्म'वर जातो. दाण्यामुळे भांडं प्लेटवर सपाट बसत नव्हतं. प्लेटची उष्णता भांड्यात जायला वाट नव्हती, म्हणून प्लेट स्वतःच तापत गेली. मधलं बटण मात्र स्प्रिंगवर उचललेलं, भांड्याच्या बुडाला टेकलेलं. त्याच्या लेखी अजून सगळं शंभरच्या आतच होतं, म्हणून त्याने चुंबक सोडला नाही. खालचा फ्यूज तेवढा प्लेटचा ताप सोसत होता, शेवटी तोच उडाला.

नवा फ्यूज घेताना जुन्यावरचे अंश आणि अँपिअर बघून तंतोतंत तेच घ्यावे. यावर १८५ अंश, १० अँपिअर होतं. जोडताना सोल्डर करू नये, इस्त्रीसारख्या तापलेल्या टोकाने गोळी तिथेच वितळते आणि नवा फ्यूज बसवायच्या आधीच संपतो. मी धातूच्या छोट्या नळीत टोकं घालून पक्कडीने दाबली. काचतंतूंची नळी फ्यूजवर परत सरकवायला विसरू नका: या प्रकारच्या फ्यूजच्या धातूच्या अंगातही वीज असते.

प्लेटवरचा दाणा ओल्या फडक्याने भिजवून काढला, भांड्याचं बूड पुसून कोरडं केलं आणि भांडं प्लेटवर ठेवून थोडं डावीउजवीकडे फिरवून बसवलं. एक वाटी तांदूळ लावला. पंचवीस मिनिटांनी बटण आपोआप वर उडालं.