कर्ज मिळत नाही म्हणून हाय-बीटा शेअर महाग का पडतात

जास्त रिस्क तर जास्त रिटर्न, हे आपल्याकडे जळगाव-भुसावळला शेअर घेणारा जवळपास प्रत्येक जण धरून चालतो, आणि थिअरीही तेच सांगायची. 1964 मध्ये विल्यम शार्प यांनी शेअरच्या रिटर्नचं कॅपएम हे मॉडेल मांडलं: मार्केट हललं की शेअर किती हलतो तो त्याचा बीटा, आणि बीटा वाढला की अपेक्षित रिटर्न सरळ रेषेत वाढतो. पण 1972 मध्ये फिशर ब्लॅक, मायकेल जेन्सन आणि मायरन स्कोल्स यांनी न्यूयॉर्कच्या शेअर्सचे जुने आकडे तपासले तर ती रेषा फारच चपटी निघाली, म्हणजे लो-बीटा शेअर हिशोबापेक्षा जास्त देत होते आणि हाय-बीटा कमी. बीटाऐवजी शेअरची नुसती चढउतार मोजली तरी असंच दिसतं, त्याला लो-व्होलॅटिलिटी अ‍ॅनॉमली म्हणतात.

कारण ब्लॅक यांनी त्याच वर्षी सांगितलं, आणि मला तरी ते सगळ्यात पटतं. कॅपएम धरून चालतं की कुणालाही एफडीच्या दराने हवं तेवढं कर्ज मिळतं. तसं कुठे मिळतं?

आकडे समजायला धरलेले आहेत, पण हिशोब बघा. जळगावच्या एका दालमिलवाल्याकडे 1 लाख आहेत आणि त्याला 1.5 बीटाची रिस्क हवीय. 0.75 बीटाचे शेअर 11 टक्के देतात, 1.5 वाले 13. त्याला 6 टक्क्यांनी अजून 1 लाख मिळाले तर 2 लाखांचे लो-बीटा शेअर घेऊन 22,000 येतात, व्याजाचे 6,000 गेले की 16,000 उरतात, आणि रिस्क तेवढीच. पण बँक 10 टक्के मागते, मग उरतात फक्त 12,000, त्यापेक्षा थेट हाय-बीटा घेऊन 13,000 बरे ना! असा विचार करणारे खूप झाले की हाय-बीटाची मागणी वाढते, भाव चढतो, आणि चढ्या भावाने घेतलं म्हणून पुढचा रिटर्न कमी होतो. आपले म्युच्युअल फंडही यातच अडकलेत, कारण सेबी त्यांना रिडेम्प्शनसारख्या तात्पुरत्या गरजेपुरतंच कर्ज काढू देते, रिटर्न वाढवायला नाही.

2014 मध्ये आंद्रेआ फ्राझिनी आणि लासे पेडरसन यांनी यावरच स्ट्रॅटेजी बांधली, बेटिंग अगेन्स्ट बीटा. लो-बीटा शेअर उधारीवर वाढवून घ्यायचे, हाय-बीटा शॉर्ट करायचे म्हणजे उसने घेऊन आधी विकायचे, दोन्ही बाजूंचा बीटा 1 वर आणायचा. बऱ्याच देशांत ती चालली, पण उधारीचा पैसा आटला की नेमकी हीच तोट्यात जाते. पुढे रॉबर्ट नोवी-मार्क्स आणि मिहाइल वेलिकोव यांनी दाखवलं की कागदावरचा बराचसा फायदा अगदी छोट्या कंपन्यांच्या शेअर्सना दिलेल्या जास्त वजनातून येत होता, आणि त्यांची खरेदी-विक्री महाग पडते.