आधी ठरवलेली तुलना आणि नंतर सुचलेली तुलना: अनोव्हातील जुना प्रश्न

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रुजू झाले. १९२३ मध्ये त्यांनी विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासोबत बटाट्याच्या एका प्रयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बारा वाणांना निरनिराळी खते दिली होती. पोटॅशच्या बाबतीत तीन प्रकार होते: काही ओळींना पोटॅश अजिबात नाही, काहींना सल्फेटच्या रूपात, काहींना क्लोराईडच्या रूपात. अनोव्हाचा, म्हणजे अनेक गटांच्या सरासऱ्यांतला फरक तपासण्याच्या पद्धतीचा, तक्ता शेतीच्या आकड्यांवर वापरल्याचे हे पहिले प्रसिद्ध उदाहरण.

पोटॅशच्या या तीन प्रकारांकडे पाहून शेतकऱ्याला दोन प्रश्न पडतील. पोटॅश दिल्याने फरक पडतो का? आणि पडत असेल, तर सल्फेट चांगले की क्लोराईड? ‘तिन्ही सरासऱ्या समान आहेत का’ असा प्रश्न शेतावर कुणी विचारत नाही, पण अनोव्हाची एकूण F चाचणी नेमका तोच विचारते. आधी ठरवलेल्या कॉन्ट्रास्टचा, म्हणजे सरासऱ्यांमधल्या एका नेमक्या तुलनेचा, जन्म या दरीत आहे. तीन गटांमधल्या फरकाला दोन डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे दोन स्वतंत्र तुलनांपुरती जागा, असतात, आणि त्या दोन्ही खऱ्या प्रश्नांना एकेक करून वाटता येतात. १९३० च्या दशकात फिशर आणि त्यांचे सहकारी फ्रँक येट्स यांनी बहुघटक प्रयोगांमध्ये ही वाटणी पद्धतशीर केली.

धोक्याची सूचनाही फिशर यांनीच दिली. प्रयोगांच्या आखणीवरच्या १९३५ च्या पुस्तकात त्यांनी स्पष्ट भेद केला: ज्या तुलनेसाठी प्रयोग मांडला ती बेधडक तपासा, पण निकाल पाहून सुचलेली तुलना संशयास्पद माना. गट बरेच असतील तर मुळात काहीच फरक नसतानाही सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान सरासरी एकमेकींपासून दूर पडतातच. पुढे पोस्ट-हॉक, म्हणजे निकाल पाहिल्यानंतरच्या, चाचण्यांचे जे शास्त्र उभे राहिले, त्याचे बीज या इशाऱ्यात होते. जॉन ट्युकी यांनी १९४९ ते १९५३ या काळात ‘सगळ्या जोड्या तपासायच्या आहेत’ असे धरून फरक लक्षणीय मानण्याची मर्यादा काढली. हेन्री शेफे १९५३ मध्ये आणखी पुढे गेले: आकडे पाहून सुचू शकतील अशा सर्व कॉन्ट्रास्टसाठी खोट्या निकालाविरुद्धची एकच हमी. हमी जितकी रुंद, तितकी चाचणी कडक.

हा कडकपणा प्रत्यक्षात किती महागात पडतो, ते आहारांच्या उदाहरणात पाहू. आकडे गणित सोपे राहावे म्हणून मी रचले आहेत. पंधरा जण, प्रत्येक गटात पाच, बारा आठवडे. ‘अ’ गट नेहमीचा आहार घेतो, ‘ब’ कमी चरबीचा, ‘क’ कमी कर्बोदकांचा. वजनातली सरासरी घट अनुक्रमे २.०, ३.८ आणि ४.४ किलो. गटांच्या आतले प्रचरण, म्हणजे तक्त्यातला एरर मीन स्क्वेअर, २.५ आणि त्याचे डिग्रीज ऑफ फ्रीडम १२.

प्रश्न पोटॅशसारखेच. पहिला: आहार बदलण्याचा परिणाम होतो का? सहगुणक, म्हणजे प्रत्येक सरासरीला ज्याने गुणायचे तो आकडा, अनुक्रमे २, −१, −१. दुसरा: ब आणि क यांत फरक आहे का? सहगुणक ०, १, −१. प्रत्येक ओळीची बेरीज शून्य येते, म्हणून दोन्ही कॉन्ट्रास्ट आहेत. समोरासमोरचे सहगुणक गुणून बेरीज केली, ०−१+१, तर तीही शून्य. गट समान आकाराचे असताना ऑर्थोगोनल, म्हणजे एकमेकांची माहिती दोनदा न मोजणारे, असण्याची अट एवढीच.

पहिल्या कॉन्ट्रास्टची किंमत २×२.० − ३.८ − ४.४ = −४.२. तिचा वर्ग १७.६४, त्याला गटातल्या संख्येने, पाचने, गुणायचे आणि सहगुणकांच्या वर्गांच्या बेरजेने, सहाने, भागायचे. उत्तर १४.७. दुसऱ्याची किंमत −०.६, वर्ग ०.३६, गुणिले पाच, भागिले दोन, म्हणजे ०.९. दोन्ही मिळून १५.६, आणि अनोव्हाच्या तक्त्यात गटांमधली वर्गांची बेरीज नेमकी तेवढीच येते. काही उरत नाही, काही दोनदा मोजले जात नाही.

आता चाचणी. पहिल्या कॉन्ट्रास्टचा F म्हणजे १४.७ भागिले २.५, ५.८८. पाच टक्क्यांची मर्यादा ४.७५, त्यामुळे फरक लक्षणीय. दुसऱ्याचा F ०.३६, काहीच नाही. एकूण F चाचणी मात्र ३.१२ देते आणि तिची मर्यादा ३.८९ आहे, म्हणजे ‘फरक नाही’. हे ३.१२ कुठून आले ते पाहण्यासारखे आहे: ५.८८ आणि ०.३६ यांची ती सरासरी आहे. एका प्रश्नाचे ठळक उत्तर दुसऱ्याच्या शांततेत विरघळले. म्हणूनच आधी ठरवलेल्या कॉन्ट्रास्टसाठी एकूण F लक्षणीय येण्याची वाट पाहायची नसते.

याच आकड्यांवर ट्युकी लावली तर दोन सरासऱ्यांत किमान २.६७ किलोचे अंतर हवे. सर्वांत मोठे अंतर अ आणि क यांचे, २.४. नापास. शेफे लावली तर पहिल्या कॉन्ट्रास्टचे तेच ५.८८ आता ७.७७ च्या मर्यादेशी ताडायचे. तेही नापास. आकडे तेच, वजाबाकी तीच; बदलले ते एवढेच की प्रश्न आकडे पाहण्याआधी लिहिला होता की नंतर.

आपल्या कृषी विद्यापीठांतल्या प्रबंधांत मात्र तिसरीच वाट रुळलेली आहे: तक्त्याखालची ‘सी. डी.’, म्हणजे क्रिटिकल डिफरन्स. विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोघांचे १९५४ चे संख्याशास्त्राचे पुस्तक भारतभरच्या कृषी संशोधकांच्या हाती राहिले, आणि सी. डी. हा शब्दही प्रत्येकाच्या तोंडी. सी. डी. म्हणजे फिशर यांचा लीस्ट सिग्निफिकंट डिफरन्स. आपल्या उदाहरणात ती २.१८ येते, म्हणजे अ आणि क यांचा फरक तिच्या हिशेबाने लक्षणीय ठरतो. पण एकूण F लक्षणीय नसताना सी. डी. वापरायचीच नसते. ही अट पाळली तर तीन गटांपुरती ती सुरक्षित आहे. गट दहा-बारा झाले की अट पाळूनही खोटे फरक लक्षणीय ठरतात. वाणांच्या चाचण्यांत गट बहुधा तेवढे असतातच, ही मला खरी चिंतेची बाब वाटते.

आणखी एक गैरसमज पाठ्यपुस्तकांतून पसरतो: कॉन्ट्रास्ट ऑर्थोगोनल आहेत, म्हणून दुरुस्तीची गरज नाही. ऑर्थोगोनल असण्याने हिशेब स्वच्छ राहतो, चुकीची शक्यता घटत नाही. पाच टक्क्यांच्या दोन स्वतंत्र चाचण्यांत निदान एक खोटा निकाल येण्याची शक्यता जवळपास पावणेदहा टक्के असते. ती पत्करायची सवलत प्रश्न थोडे आणि आधी ठरवलेले असल्याने मिळते. शिवाय ऑर्थोगोनल असण्याचा गुण नाजूक आहे. क गटातले दोघे मध्येच सोडून गेले आणि गट ५, ५, ३ झाले, तर गुणाकारांना गटसंख्येने भागून बेरीज करावी लागते: −१/५ + १/३, शून्य नाही. मग दोन्ही कॉन्ट्रास्टची बेरीज तक्त्याशी जुळत नाही. ही बेरीज न जुळणे हीच ओळखण्याची खूण. प्रश्न तेव्हाही वैध राहतात, फक्त प्रत्येक कॉन्ट्रास्ट स्वतंत्रपणे, त्याच्या स्वतःच्या प्रमाणत्रुटीने तपासायचा.

राहिला प्रश्न पुराव्याचा: तुलना खरोखर आधी ठरली होती, हे वाचकाने कशावरून मानायचे? फिशर यांच्या काळात प्रयोगाची आखणीच ते सांगे. पोटॅशच्या ओळी शेतात दिसत होत्या. माणसांवरच्या आहार-चाचण्यांसाठी भारतात २००७ पासून क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री आहे, आणि तिथल्या नोंदीवर तारीख असते. नोंदीत नुसते ‘अनोव्हा करू’ असे लिहिले, तर २, −१, −१ हे सहगुणक कधी सुचले ते कुणालाच सांगता येणार नाही. ते सहगुणकच नोंदीत लिहायला हवेत.